व्हेंडर कोड

मी लिहिते आणि ते दुसऱ्याच्या नावानं छापलं जातं. मोशीत आमच्या घराच्या गॅलरीतून नाशिक रस्ता दिसतो. एका बाजूला भोसरीची एमआयडीसी, दुसऱ्या बाजूला चाकण. या पट्ट्यात चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी हेल्पर म्हणून आलेली आणि आज स्वतःचं शेड असलेली पुष्कळ माणसं आता सत्तरीत आहेत. त्यांना आपली गोष्ट पुस्तकात हवी असते, पण लिहायची सवय नसते. त्यांच्यासाठी मी लिहून देते.

त्यातल्या एका कामाबद्दल इथे सांगते. त्या गृहस्थांनी परवानगी दिली आहे, पण नाव आणि कंपनी सांगणार नाही. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही म्हणते. भोसरीत त्यांचा प्रेसशॉप आहे. पत्र्यापासून गाड्यांचे ब्रॅकेट आणि क्लिपा बनवतात. पंचाहत्तरीला, घरच्या समारंभात पुस्तक वाटायचं, असं ठरलं होतं. दोनशे पानांचं, म्हणजे साधारण पन्नास हजार शब्दांचं.

पहिल्या दिवशी त्यांच्या मुलानं विचारलं, “मॅडम, एका पानाचे किती घेता?” पानावर दर सांगायची चूक मी सुरुवातीला करत असे. पान लिहायला किती वेळ लागतो ते सगळ्यांना दिसतं, त्याच्या आधीचं काम दिसत नाही. म्हणून मी त्यांच्यासमोर तासांचा हिशेब मांडला. दीड तासाच्या चौदा बैठका म्हणजे एकवीस तास. जाण्यायेण्याचे तेवढेच. एक तासाचं रेकॉर्डिंग ऐकून उतरवायला मला पाच तास लागतात, कारण अण्णा बोलताना मागे प्रेस चालू असते आणि ते एका वाक्यात तीन वर्षं ओलांडतात. ते झाले एकशे पाच. लिहायचे, तासाला दोनशे शब्द धरून, अडीचशे तास. दुरुस्त्यांचे साठ. एकूण चारशे सत्तावन्न. तासाला साडेतीनशे रुपये हा माझा दर, त्यानं एक लाख साठ हजार होतात. तासाच्या दरावर मुलानं घासाघीस केली, तासांवर केली नाही. कारखान्यात वाढलेल्या माणसाला तास कळतात.

पैसे चार हप्त्यांत मागितले. चाळीस हजार कामाच्या आधी, चाळीस हजार पहिली दोन प्रकरणं पसंत पडल्यावर, चाळीस हजार पूर्ण मसुद्यावर आणि चाळीस हजार अंतिम प्रत देताना. दोन प्रकरणांवरचा हप्ता मी कधीच सोडत नाही. माझ्या लेखणीतला ‘मी’ अण्णांना आपला वाटतो की नाही, हे दोन प्रकरणांतच कळतं. नाही वाटला, तर दोघांनी तिथेच थांबावं. तेवढ्या कामाचे पैसे मिळालेले असतात, आणि उरलेल्या गोष्टीसाठी त्यांना दुसरा माणूस शोधता येतो. दुरुस्त्याही दोनच फेऱ्या. तिसरी फेरी बहुतेक वेळा मजकुराची नसते, घरातल्या आणखी कुणीतरी वाचल्याची असते.

मग नावाचा प्रश्न आला. मी सांगितलं, की आतल्या पानावर ‘शब्दांकन’ म्हणून माझं नाव येणार असेल तर एक लाख साठ हजार. कुठेच येणार नसेल तर दोन लाख. मुलगा म्हणाला, “नाव न घालण्याचे जास्त पैसे? उलट हवं ना?”

त्याचं उत्तर सोपं आहे. नाव छापलेलं पुस्तक मी पुढच्या माणसाला दाखवू शकते. न छापलेलं दाखवू शकत नाही, त्याबद्दल बोलूही शकत नाही. माझ्या कामाच्या वर्षातले पाच महिने कुठे गेले, याचा पुरावा उरत नाही. त्या रिकाम्या जागेची ती किंमत आहे.

अण्णा इतका वेळ गप्प होते. त्यांनी खिशातून एक ब्रॅकेट काढून टेबलावर ठेवला. “हा गाडीत बसतो. गाडीवर नाव कंपनीचं. पण हे बघा.” ब्रॅकेटच्या कडेला बारीक अक्षरं ठोकलेली होती. “हा आमचा व्हेंडर कोड. गिऱ्हाइकाला दिसत नाही, त्याला त्याचं कामही नाही. पण उद्या पार्ट तुटला तर कुणी बनवला ते कळतं. कोड नसलेला माल कंपनी घेत नाही.” मग मुलाकडे वळून म्हणाले, “ताईंचं नाव बारीक अक्षरात घाल. मुखपृष्ठावर नको, आत.” घासाघीस तिथे संपली.

श्रेय म्हणजे मान, असं मी तोवर धरून चालले होते. त्यात जबाबदारीही असते, हे त्या ब्रॅकेटनं दाखवलं. वाक्य कुणी रचलं हे ज्याला शोधायचं असेल त्याला सापडलं पाहिजे, आणि ज्याला गोष्ट वाचायची आहे त्याच्या वाटेत ते येता कामा नये.

मराठीत दुसऱ्यासाठी लिहिण्याची परंपरा जुनी आहे, आणि काही तर आमच्या अंगणातली. चाकणच्या संताजी जगनाडे यांनी तुकोबांचे अभंग लिहून ठेवले. त्यांच्या वह्या आजही अभ्यासक धुंडाळतात. पण तिथे शब्द तुकोबांचेच होते, संताजींचा हात लिहिणाऱ्याचा. माझ्या कामात शब्द माझे असतात आणि आयुष्य दुसऱ्याचं, म्हणून गोष्ट वेगळी होते. हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’ जवळचं उदाहरण. त्यांनी सांगितलं, अरुण साधूंनी शब्दांकन केलं, ‘माणूस’मधून ते आलं आणि १९७० साली पुस्तक झालं. आवाज हंसाबाईंचाच राहिला, आणि साधूंचं नाव लपवावं लागलं नाही. १९७७ साली श्याम बेनेगलांनी त्यावरून ‘भूमिका’ केला तेव्हाही लोकांनी हंसाबाईंचीच गोष्ट पाहिली. नाव छापल्यानं सांगणाऱ्याचं काही कमी होत नाही, हे मी ग्राहकांना या पुस्तकावरून सांगते.

कायदा मात्र ग्राहकाला चकित करतो. “गोष्ट माझी, पैसे माझे, म्हणजे पुस्तक माझं,” असं प्रत्येक जण धरून चालतो. इंग्लंडमध्ये स्टीव्ह डोनह्यू नावाच्या नामांकित जॉकीनं असंच धरलं होतं. त्यानं आपल्या शर्यतींचे किस्से एका पत्रकाराला सांगितले, पत्रकारानं लेख लिहिले. पुढे तोच मजकूर दुसरीकडे छापायची वेळ आली तेव्हा जॉकी कोर्टात गेला आणि हरला. १९३८ च्या कायदा-अहवालांत तो निकाल आहे. कल्पना आणि आठवणी तुझ्या असतील, पण ज्यानं त्यांना शब्दांचं रूप दिलं तो लेखक, असं त्याचं सार. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही पहिला मालक लेखकच. अपवाद पगारी नोकराचा, त्यानं नोकरीचा भाग म्हणून लिहिलं तर मालकी मालकाची. मी अण्णांची नोकर नव्हते, कामाचे पैसे घेणारी होते. म्हणून नुसते पैसे देऊन हक्क त्यांच्याकडे जात नाहीत. त्यासाठी माझ्या सहीचं लेखी हस्तांतरण लागतं.

कलम १९ मध्ये त्या कागदाची नीट व्यवस्था आहे, आणि न वाचणाऱ्याला ती महागात पडते. हक्क किती वर्षांसाठी दिला ते लिहिलं नाही तर कायदा पाच वर्षं धरतो. कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नाही तर फक्त भारत. घेतलेला हक्क एका वर्षात वापरला नाही तर तो परत लेखकाकडे येऊ शकतो, करारात वेगळं ठरवलं नसेल तर. अण्णांची नात अमेरिकेत आहे, तिला इंग्रजी अनुवाद करायचा आहे. साध्या ‘सर्व हक्क अण्णांचे’ या वाक्यावर सोडलं असतं, तर पाच वर्षांनी तिला माझ्याकडे यावं लागलं असतं. आम्ही लिहिलं: कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी, जगभर, अनुवाद आणि ई-पुस्तकासह, आणि एक वर्षाची अट लागू नाही. त्याखाली एक ओळ मी माझ्यासाठी घातली, की हे हस्तांतरण शेवटचा हप्ता मिळाल्यावरच अंमलात येईल.

ही ओळ मी नुकसान सोसून शिकले. काही वर्षांपूर्वी एका व्यावसायिकासाठी त्यांच्या नावानं लेखमाला लिहीत होते, सगळं तोंडी. लेख गाजले, त्यांनी त्या लेखांचं पुस्तक काढलं. मला ते पुस्तक दुकानात दिसल्यावर कळलं, आणि शेवटच्या सहा लेखांचे पैसेही आले नाहीत. कायद्यानं हक्क माझाच होता. पण गुप्तता पाळण्याचा शब्द मी दिलेला होता. तो कुठपर्यंत आणि कुठल्या अटीवर, हे कागदावर नव्हतं. मी गप्प राहिले. आता गुप्ततेच्या कलमात हप्ता थकला तर काय, हेही लिहिलेलं असतं.

गुप्ततेचा अर्थ लोक ‘कुणाला सांगू नका’ एवढाच घेतात. त्यात दोन वेगळी गुपितं असतात. एक, मी लिहिलं हे गुपित. कलम ५७ प्रमाणे हक्क विकल्यावरही आपण लेखक आहोत हे सांगायचा अधिकार लेखकाकडे राहतो. तो करारानं पूर्ण सोडता येतो का यावर वकिलांत दुमत आहे. म्हणून नाव नको असेल तर मी तो दावा करणार नाही, असा वेगळा शब्द सहीनिशी द्यावा लागतो. दुसरं गुपित जास्त नाजूक: बैठकीत सांगितलेलं आणि पुस्तकात न आलेलं. भागीदार का सोडून गेला, संपाच्या दिवसांत कुणाला पैसे दिले, धाकट्या भावाशी बोलणं का बंद झालं. एकवीस तासांतलं निम्मं तरी असलं असतं. भागीदाराचं नाव घेऊन अण्णांना दोन पानं हवी होती. मी घटना ठेवली, नाव आणि आरोप काढायला सांगितला. आरोप सिद्ध करायची पाळी आली, तर कोर्टात मीही उभी राहीन. घटना खऱ्या असल्याची जबाबदारी त्यांची, असं करारात आहे. तरीही लिहिताना मी मान्य केलेलं प्रत्येक वाक्य माझ्याही नावावर येतं.

एक काम मी घेत नाही, कितीही पैसे दिले तरी. पदवीचा किंवा पीएचडीचा प्रबंध. तिथे विद्यार्थी ‘हे काम माझं आहे’ अशी सही करतो, आणि वाचणारा त्या सहीवरच विश्वास ठेवतो. अण्णांच्या पुस्तकात वाचकाला अण्णांचं आयुष्य हवं असतं, ते खरंच त्यांचं असतं. प्रबंधात हवं असतं ते विद्यार्थ्याचं डोकं.

पुस्तक वेळेत झालं. पाचशे प्रती निघाल्या. शेवटचा हप्ता आला, कंपनीच्या खात्यातून, टीडीएस कापून. त्याच दिवशी मी रेकॉर्डिंगचा पेन ड्राइव्ह अण्णांच्या हाती दिला आणि माझ्या लॅपटॉपवरच्या फाइली त्यांच्यासमोर पुसल्या. समारंभाला मला बोलावलं होतं, मी शेवटच्या रांगेत बसले. कॉपीराइटच्या पानावर, मुद्रकाच्या पत्त्याखाली, बारीक टायपात माझं नाव आहे.