सरहद्दीवरचा अर्धा तास
(दक्षिण कोकणच्या प्रवासाची दैनंदिनी : लेखांक तिसरा)

मालवण, १३ फेब्रुवारी

सकाळी चिवल्याच्या किनाऱ्यावर ओल्या, सपाट वाळूची जागा पाहून एक हातभर सरळ काठी रोवली, ती उभी आहे की नाही हे ओळंब्याने पारखून घेतले, आणि तिच्या बुंध्याभोवती दोरीने एक वर्तुळ आखले. आपल्या प्राचीन ज्योतिर्विदांनी दिशासाधनासाठी जो शंकू योजिला, त्याचेच हे साधे रूप. मध्यान्ह नेमका केव्हा होतो हे काढायचे, तर सर्वांत आखूड सावलीची वाट पाहत बसणे उपयोगाचे नाही. कारण मध्यान्हाच्या आगेमागे सावलीची लांबी इतकी मंद बदलते की पाच-सात मिनिटे ती जागची हललीच नाही असा भास होतो. म्हणून सावलीचे टोक सकाळी आकसत येताना वर्तुळाला कधी शिवते आणि दुपारी लांबत जाताना पुन्हा कधी शिवते, या दोन वेळा टिपून त्यांचा मध्य घ्यावयाचा. आज पहिला स्पर्श ११ वाजून ३२ मिनिटांनी झाला, दुसरा २ वाजून ८ मिनिटांनी; मध्य निघाला १२ वाजून ५० मिनिटे. शेजारी जाळे विणीत बसलेल्या वृद्ध रापणकराला हे सांगितले, तेव्हा त्यांना त्याचे काडीचेही नवल वाटले नाही. "भाऊ, सूर्य डोक्यार येता तेव्हां घड्याळात पाऊण वाजान गेलेलो असता, ह्यां आमकां म्हायती आसा," एवढे बोलून ते पुन्हा जाळ्याकडे वळले.

त्या पन्नास मिनिटांतली चौदा मिनिटे सूर्याच्या स्वतःच्या चालीची आहेत. पृथ्वीची कक्षा दीर्घवर्तुळाकार आणि तिचा अक्ष कललेला, त्यामुळे प्रत्यक्ष सूर्य फेब्रुवारीच्या मध्यास घड्याळाच्या चौदा मिनिटे मागे पडतो व नोव्हेंबरच्या आरंभी सुमारे सोळा मिनिटे पुढे जातो. ही चौदा वजा केली की छत्तीस उरतात, आणि ही छत्तीस मिनिटे सूर्याची नव्हेत, राज्यव्यवहाराची आहेत. एका रेखांशाला चार मिनिटे, या हिशेबाने छत्तीस मिनिटे म्हणजे नऊ अंश. मालवणच्या साडेत्र्याहत्तर रेखांशात ते मिळवले की आपण साडेब्याऐंशीवर, उत्तरेतील मिर्झापुराच्या परिसरात जाऊन पोहोचतो. मालवणच्या बाजारपेठेतील प्रत्येक घड्याळ गंगाकाठच्या मध्यान्हाप्रमाणे चालते, ही गोष्ट मला पुस्तकात वाचून ठाऊक होती. वाळूत स्वतः मोजून पाहिल्यावर मात्र ती निराळ्याच बळाने मनावर ठसली.

वेंगुर्ले, १४ फेब्रुवारी

मालवणहून परुळ्याच्या वाटेने येथे आलो. डचांची जुनी वखार आज भग्नावस्थेत असली, तरी या बंदराचा व्यवहार एके काळी केवढा होता याची साक्ष ती अजून देते. आंबोली घाटातून बेळगावकडे जाणारा माल येथे चढे-उतरे आणि मुंबईच्या आगबोटी येथे लागत. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्णत्वास जाईपर्यंत या मुलखात आगगाडी नव्हती, ही गोष्ट आमच्या विषयात फार महत्त्वाची आहे. कारण अन्यत्र परकी वेळ रुळांवरून आली, आणि येथे ती तारेवरून आली.

ही परकी वेळ प्रथम मिर्झापूरची नव्हती, मद्रासची होती. मद्रासची वेळ ग्रिनिचच्या ५ तास २१ मिनिटे पुढे, मुंबईची ४ तास ५१ मिनिटे पुढे. दोहोंत अर्ध्या तासाचे अंतर. मद्रासेला वेधशाळा होती आणि तिचा रेखांश मुंबई व कलकत्ता यांच्या दरम्यान पडत होता, म्हणून १८७० च्या सुमारास सर्व हिंदुस्थानच्या रेल्वेने ती वेळ पत्करली. तेथवर कोणाची तक्रार नव्हती. परंतु १८८१ साली मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कचेऱ्यांची घड्याळेही मद्रासप्रमाणे लावण्याचा हुकूम सोडला, तेव्हा शहरात मोठा असंतोष उसळला. जनतेला विचारल्यावाचून, शेजारच्या इलाख्याची वेळ आपल्या दारावर आणून टांगली, हा लोकांचा आक्षेप होता. आणि तो इतका दृढ ठरला की १८८३ साली सरकारला तो हुकूम मागे घ्यावा लागला.

दुसरा प्रसंग १ जानेवारी १९०६ चा. त्या दिवसापासून साडेब्याऐंशी रेखांशाची, म्हणजे ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची, प्रमाणवेळ सरकारी दफ्तरांत सुरू झाली. मुंबईची घड्याळे तीमुळे एकोणचाळीस मिनिटे पुढे न्यावी लागणार होती. गिरण्यांतील मजुरांच्या दृष्टीने याचा अर्थ अगदी उघड होता : भोंगा त्याच आकड्याला वाजणार, पण सूर्याच्या हिशेबाने एकोणचाळीस मिनिटे आधी, अंधारात. त्याच जानेवारीत गिरणीकामगारांनी त्याविरुद्ध संप केला, आणि शहराच्या कॉर्पोरेशनने आपल्या घड्याळांवर मुंबईचीच वेळ राखण्याचा ठराव केला. ती मुंबई-वेळ स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे जिवंत होती. बंगालची फाळणी नुकतीच झालेली, स्वदेशीची चळवळ पेटलेली. अशा समयी वरून आलेले घड्याळ लोकांना वरून आलेल्या सत्तेचेच चिन्ह वाटले, यात त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही.

यात या किनाऱ्याचे स्थान कोणते? मुंबई-वेळ पाळणे म्हणजे मालवण-वेंगुर्ल्याच्या माणसाला जवळजवळ स्वतःचीच वेळ पाळणे होते. कारण मालवण मुंबईच्या सूर्याहून अवघी अडीच मिनिटे पुढे आहे, वेंगुर्ले सव्वातीन. मुंबई ही याची राजधानी, याची पेठ, आणि गिरणीच्या भोंग्यावर उठणाऱ्या हजारो चाकरमान्यांचे दुसरे घर. व्यापाराने जोडलेला शेजारी आणि भूगोलाने जोडलेला शेजारी येथे एकच होता. तारकचेरीने मात्र त्याला प्रथम मद्रासशी आणि नंतर मिर्झापुराशी बांधले. आगबोट ज्या वेळेने सुटे ती एक आणि तार ज्या वेळेने लागे ती दुसरी, असा दुहेरी हिशेब जुन्या व्यापाऱ्यांना डोक्यात वागवावा लागला असला पाहिजे.

शेजाऱ्याची वेळ व्यापारासाठी खुशीने घेतल्याचे उदाहरण जगात नाही असे नाही. १ जानेवारी १९८२ रोजी मलेशियाने आपल्या पश्चिमेकडील द्वीपकल्पाची घड्याळे अर्धा तास पुढे नेऊन पूर्वेकडील साबा-सारावाकच्या वेळेशी मिळवली, आणि सिंगापूरने त्याच दिवशी तेच केले. प्रवासी व व्यापारी यांची दोन वेळांत ओढाताण होऊ नये एवढेच कारण. रेखांशाने सिंगापूर सात तासांच्या पट्ट्यातले आहे, घड्याळाने ते आठ तासांच्या पट्ट्यात राहते. तेथे दिलेली किंमत आणि मिळालेला लाभ दोन्ही एकाच नगरीच्या पदरात पडले, म्हणून तो सौदा टिकला.

तेरेखोल, १५ फेब्रुवारी

आजचा दिवस या प्रवासातला मला सर्वांत मोलाचा वाटतो. रेडीवरून खाली उतरत आले की तेरेखोल नदीच्या मुखाशी, उत्तर तीरावर, हा किल्ला व त्याच्या सावलीतले चिमुकले गाव लागते. नदी हीच महाराष्ट्र-गोव्याची सरहद्द असे आपण समजून चालतो, पण हे गाव नदीच्या अलीकडे असूनही गोव्याचे आहे. सावंतवाडीच्या भोसल्यांचा हा किल्ला १७४६ साली पोर्तुगीज व्हाइसरॉय मार्क्विस ऑफ अलोर्ना याने घेतला, तेव्हापासून तो गोव्याच्या अंमलाखाली राहिला. पेडणे तालुक्याची कामे असली की येथील माणसे फेरीबोटीने पलीकडे केरीला जातात. आणि भाजी घ्यायला, नातलगांना भेटायला पायी रेडीला जातात.

पोर्तुगीज सरकारने २४ मे १९११ च्या फर्मानाने आपल्या सर्व वसाहतींच्या वेळा ग्रिनिचपासून पूर्ण तासांच्या अंतरावर बसविल्या, आणि १ जानेवारी १९१२ पासून गोव्याला त्यात पाच तासांचा पट्टा मिळाला. आता हिशेब पाहा. तेरेखोलच्या सूर्याची वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५५ मिनिटे पुढे. म्हणजे लिस्बनहून निघालेल्या फर्मानाची वेळ या गावाच्या सूर्यापासून पाच मिनिटे दूर, आणि हाकेच्या अंतरावरील ब्रिटिश तारकचेरीची वेळ पस्तीस मिनिटे दूर. समुद्रापलीकडच्या सत्तेचे घड्याळ येथे भूगोलाशी अधिक प्रामाणिक निघाले. हे लिस्बनच्या सद्‌भावामुळे झाले नाही. पंचाहत्तर रेखांश हा पूर्ण तासाचा मध्य गोव्याच्या जवळून जातो, एवढाच तो योगायोग. पण कायद्याप्रमाणे परिणाम असा झाला की तेरेखोलात दुपारचे बारा वाजत, तेव्हा नदी न ओलांडता, एकाच डोंगराच्या उतारावर, रेडीच्या बाजूस सरकारी घड्याळात साडेबारा झालेले असत. आणि नदी ओलांडून केरीला गेले, तर बाराच. जी रेषा नदीनेही आखली नव्हती, ती एका स्वारीने व एका फर्मानाने आखली. या किल्ल्यावर १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रह्यांनी तिरंगा फडकावला, तेव्हा ते ज्या सत्तेशी झगडत होते तिचे हे एक न दिसणारे अंग होते.

खुद्द पोर्तुगालच्या उत्तर सीमेवर असेच दृश्य आजही आहे. मिन्यो नदीच्या एका काठी पोर्तुगालचे वालेंसा, दुसऱ्या काठी स्पेनचे तुई. रेखांश एक, घड्याळात तासाचे अंतर. स्पेन भूगोलाने ग्रिनिचच्या पट्ट्यात बसते, पण १९४० च्या मार्चमध्ये फ्रँकोच्या राजवटीने घड्याळे तासभर पुढे नेऊन मध्य युरोपाशी मिळवली, आणि युद्ध संपून इतकी वर्षे लोटली तरी ती मागे आली नाहीत. पोर्तुगालनेही १९९२ साली, युरोपच्या बाजारपेठेशी सोयीचे म्हणून, तीच वेळ घेऊन पाहिली. हिवाळ्यात मुले काळोखात शाळेला निघू लागली, आणि १९९६ साली ती सोडून दिली.

सावंतवाडी, १६ फेब्रुवारी

मोती तलावाच्या काठी सूर्य उगवला तेव्हा घड्याळात सात वाजले होते. सकाळच्या शाळेची पोरे दप्तरे पाठीवर टाकून त्याआधीच रस्त्याने निघाली होती, आणि दुकानांचे दिवे जळत होते.

२०१८ साली राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी देशासाठी दोन प्रमाणवेळा सुचविल्या : आसाम व ईशान्येकरिता साडेसहा तास, बाकीच्या मुलखाकरिता आजचीच साडेपाच. ईशान्येत सूर्य फार लवकर मावळतो म्हणून तेथील गरज तीव्र आहे, हे न्याय्यच. पण त्या योजनेतही या किनाऱ्याची छत्तीस मिनिटे जशीच्या तशी राहतात. आणि त्यासाठी तिसरी वेळ मागावी असे मला मुळीच वाटत नाही. मुंबईचा तो जुना लढा मला प्रिय आहे, तरी जेथे सरहद्दीवरचा अर्धा तास माणसामाणसांत उभा होता ती जागा काल पाहून आल्यावर, एका देशात एक घड्याळ असावे हेच मला अधिक हितकर वाटते. घड्याळ एक असले म्हणून कामाचे तासही सर्वत्र एकच असावेत, हे मात्र त्यातून निघत नाही. नागपूरला सूर्य मालवणच्या सुमारे बावीस मिनिटे आधी मध्यान्हास येतो. दोन्हीकडच्या शाळांची घंटा एकाच आकड्याला वाजावी असा आग्रह धरण्याचे प्रयोजन काय? डिसेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत कोकणातील सकाळच्या शाळा अर्धा तास उशिरा भराव्यात, आणि तो अधिकार जिल्ह्याच्या शिक्षणखात्याकडे असावा, अशी माझी या जिल्ह्यातील शिक्षकांना व लोकप्रतिनिधींना आग्रहाची विनंती आहे.