बाईंना निरोप देताना : कान्होपात्रेचा अभंग आणि आपलं बिदर

गेल्या आठवड्यात भालकीला आमच्या मराठीच्या बाईंचा निरोप समारंभ झाला. माजी विद्यार्थिनींच्या वतीने मी पत्र लिहिलं होतं. भाषणं लांबली, त्यामुळे पत्राचे दोनच परिच्छेद वाचता आले. कान्होपात्रेचं पुढं काय, असं बऱ्याच जणींनी फोन करून विचारलं, म्हणून पूर्ण पत्र इथे देते.

आदरणीय बाई,

सा. न.

समारंभाच्या फलकावर कोणता अभंग घ्यायचा यावर आमच्या ग्रुपवर चार दिवस चर्चा चालली. शेवटी कान्होपात्रेचा ठरला, तोच, जो ती विठ्ठलाला शेवटचा म्हणाली असं मानतात. तुम्ही आमच्याकडून पाठ करून घेतला होता, त्यामुळे तो इथे पुन्हा उतरवत नाही. काहीजणींना वाटलं की त्यातली आर्तता निरोपाला शोभते, 'बाई, जाऊ नका' असा त्याचा अर्थ घेता येईल. मी मात्र तो वेगळ्या कारणाने सुचवला होता. ते कारण सांगायचं तर तुमचा तो तास आठवायला हवा.

तो अभंग पुस्तकात नव्हता. मराठीचा धडा संपला आणि घंटेला वेळ होता, म्हणून तुम्ही तो फळ्यावर लिहिलात. पहिला प्रश्न विचारलात तो असा : 'अंत पाहणे' म्हणजे काय गं? आम्ही म्हटलं, छळणं. आई म्हणते की, माझा अंत बघू नको म्हणून. तुम्ही हसलात आणि म्हणालात, घरात तो अर्थ बरोबर आहे, पण ही बाई जेव्हा तो शब्द वापरते तेव्हा तिच्यासमोर खरोखरचा अंत उभा आहे.

मग तुम्ही गोष्ट सांगितलीत. मंगळवेढ्याची श्यामा नावाची गणिका, तिची ही लेक. रूप असं की आईला वाटलं, हिला मोठ्या सरदाराकडे पाठवावं. पोरीनं नाचगाण्याच्या धंद्याला नकार दिला. पंढरीला निघालेली दिंडी दारावरून जाताना पाहिली आणि तिच्याबरोबर चालत गेली. पंढरपुरात राहिली. पुढे कुणीतरी तिच्या रूपाची गोष्ट बिदरच्या बादशहाच्या कानावर घातली. तिला घेऊन यायला शिपाई आले.

'बिदर' शब्द आला तसा वर्गात आवाज झाला. आपलं बिदर? रेल्वेनं तासाभरात जातो ते? तुम्ही म्हणालात, हो, तेच. संतांच्या गोष्टी फक्त तिकडे पुण्या-पैठणकडे घडतात असं समजू नका.

शिपायांना ती म्हणाली, चला, पण आधी एकदा देवाचं दर्शन घेऊन येते. त्यांनी तेवढी सवड दिली. ती गाभाऱ्यात गेली आणि तिथे हा अभंग म्हणाली. वाघाच्या तावडीत सापडलेल्या पाडसासारखी माझी गत झाली आहे, तिन्ही लोकांत दुसरा आसरा दिसत नाही, असं ती सांगते. विठ्ठलाला ती हाक मारते ती आई म्हणून. तुम्ही खडूने त्या जागेवर रेघ ओढली होतीत. ज्या पोरीला स्वतःच्या आईनं बाजारात उभं केलं, ती देवाला 'आई' म्हणते, हे नीट बघा, म्हणालात. तिनं तिथंच प्राण सोडला. देवळाच्या आवारात, दक्षिणेच्या बाजूला तिला पुरलं, आणि तिथे तरटीचं झाड उगवलं, असं सांगतात.

वर्गात फातिमा होती (नाव बदललंय). कुणीतरी मागून तिच्याकडे बघून काहीतरी कुजबुजलं. तुम्ही ते ऐकलंत. रागावला नाहीत. वही मिटायला लावून म्हणालात, आता अभंग पुन्हा वाचा आणि सांगा, त्यात बादशहा कुठे आहे? आम्ही शोधला. नव्हता. बिदरही नव्हतं, शिपाईही नव्हते. वाघ आहे, पण त्याला नाव नाही. मग तुम्ही समजावलंत की ही सगळी हकिकत आपल्याला कळते ती महिपतींच्या 'भक्तविजय' या ग्रंथातून आणि परंपरेतून, आणि महिपतींनी तो लिहिला 1762 साली. म्हणजे बहामनी राज्य बुडून दोनशे वर्षांहून जास्त काळ गेल्यावर. गोष्ट खोटी म्हणायची नाही, पण कवितेत काय आहे आणि तिच्याभोवती काय सांगितलं गेलंय, हे दोन वेगळे कप्पे ठेवायचे. त्याच मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांच्या गोष्टीतला बिदरचा बादशहा आठवा, म्हणालात. तो विठू महाराकडून पैसे पोचल्यावर चकित होतो आणि दामाजींना मानानं सोडतो. आणि याच बिदरात महमूद गवाननं 1472 साली एवढा मोठा मदरसा बांधला, सहलीला गेलो की दाखवते. दाखवलातही. त्या निळ्या-हिरव्या फरशांच्या उरलेल्या तुकड्यांखाली फातिमाच आम्हांला सगळी माहिती वाचून दाखवत होती.

आता माझं कारण. त्या वर्षी मी दहावीला होते. दिवाळीत हुमनाबादकडचं स्थळ आलं होतं. मुलाला दुकान होतं, घर स्वतःचं. अप्पांनी जवळजवळ होकार दिला होता. परीक्षा झाली की वैशाखात लग्न. मी कुणाला बोलले नव्हते. त्या तासाला तुम्ही शेवटी एवढंच म्हणालात : कान्होपात्रेकडे ना पैसा, ना माणूस, ना तलवार. तिनं मागितली ती फक्त सवड. 'आधी दर्शन घेऊन येते.' ज्याच्या हातात काहीच नाही, त्यानं निदान वेळ मागावा.

मी तुमच्या मागोमाग स्टाफरूमपर्यंत आले आणि सांगितलं. रविवारी तुम्ही घरी आलात. अव्वानं चहा ठेवला. तुम्ही अप्पांना शिकवायला गेला नाहीत, कायदा काढला नाहीत, रडवलं नाहीत. म्हणालात, "अण्णा, स्थळ चांगलंच असणार. मला फक्त दोन वर्षं द्या. पोरगी पी.यू.सी. होऊ द्या. मग तुम्ही म्हणाल तिथं मी अक्षता टाकायला येते."

अप्पा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "दोन नाही बाई, एक वर्ष बघू."

त्या एका वर्षाची दोन झाली, दोनाची पाच. त्या स्थळाकडच्या लोकांनी चार महिन्यांत दुसरीकडे लग्न उरकलं. मी डी.एड. केलं. आज औरादजवळच्या शाळेत शिकवते. अक्षता टाकायला तुम्ही आलात, ते माझ्या पंचविसाव्या वर्षी.

कान्होपात्रेला सवड मिळाली ती एका दर्शनापुरती. मला मिळाली ती पुरेशी होती. दोन्हींत फरक एवढाच की तिच्या बाजूनं ती सवड मागायला दुसरं कुणी उभं नव्हतं. म्हणून हा अभंग फलकावर आहे, बाई. तुम्ही जाऊ नका म्हणून नव्हे.

तुम्ही नेहमी म्हणायच्या, शाळा सुटली की पंढरपूरला जाऊन ते तरटीचं झाड निवांत बघायचंय, वारीच्या गर्दीत धड उभं राहता येत नाही. कार्तिकी झाली की आम्ही सहाजणी गाडी करतोय. आधी मंगळवेढा, मग पंढरी. फातिमाही येतेय, तिनं फराळाचं काम अंगावर घेतलंय. तुमची जागा पुढची, खिडकीजवळची.

तुमची विद्यार्थिनी