ट्यूब किती दिवस पुरते, हिशेब तिथून सुरू होतो

माझ्या आईच्या गालांवर वांग आहेत. डॉक्टरांनी तिला रोज सकाळी सनस्क्रीन लावायला सांगितलं. चार महिन्यांनी ती कौतुकाने म्हणाली, ''अगं, ४५० रुपयांची ट्यूब मी चार महिने पुरवली!'' वांग मात्र होते तसेच होते. मी कंटेंट रायटर आहे, गणिताशी माझा संबंध बारावीतच संपला. पण त्या दिवशी मी मोबाइलमधला कॅल्क्युलेटर उघडला.

ट्यूब ५० ग्रॅमची होती. ५० ग्रॅमला १२० दिवसांनी भागलं की दिवसाला जेमतेम ०.४ ग्रॅम. आता गरज किती असते? त्वचारोगतज्ज्ञ याचं सोपं माप सांगतात. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेघेपर्यंत ट्यूबमधून काढलेली क्रीमची पट्टी म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. चेहरा आणि मान मिळून अशा अडीच पट्ट्या लागतात, म्हणजे सव्वा ग्रॅम. आई त्याच्या एक तृतीयांश लावत होती. लेबलवरचा एसपीएफ हा प्रत्येक चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम असा जाड थर लावून मोजलेला असतो. थर पातळ झाला की संरक्षणही बरंच कमी होतं.

म्हणजे आईला वाटत होतं, रोजचा खर्च पावणेचार रुपये. पण पूर्ण मात्रेने ५० ग्रॅमची ट्यूब ४० वेळाच पुरते, आणि ४५० भागिले ४० म्हणजे एका वेळेचा खरा खर्च सव्वाअकरा रुपये. पावणेचार रुपयांत ती सनस्क्रीन लावत होती, पण त्याचं काम विकत घेत नव्हती.

मग आम्ही मोठा पॅक पाहिला. त्याच सनस्क्रीनची १०० ग्रॅमची ट्यूब ६५० रुपयांना होती. ती ८० वेळा पुरते, म्हणजे एका वेळेचे साधारण आठ रुपये. आई म्हणाली, ''म्हणजे रोजचा एक चहा.'' मी तिला हेही सांगितलं की, दिवसभर उन्हात असशील तर दर दोन तासांनी पुन्हा लावावं लागतं, त्या दिवशी हा आकडा दुप्पट-तिप्पट होईल.

मात्रा बरोबर आहे की नाही, हे स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर कळतं. एका वेळचा सव्वा ग्रॅम त्यावर नीट दिसत नाही, म्हणून आठवड्याचा फरक बघायचा. सोमवारी आईची ट्यूब ११२ ग्रॅम भरली, पुढच्या सोमवारी १०४. सात दिवसांत ८ ग्रॅम, म्हणजे रोज १.१ ग्रॅमच्या वर. ट्यूबचं स्वतःचं वजन दोन्ही वेळा तेवढंच असतं, त्यामुळे ते वजा करायची गरज नाही.

हाच हिशेब मी माझ्या व्हिटॅमिन सी सीरमला लावला, तेव्हा गंमत उलटी निघाली. ३० मिलीची बाटली ६०० रुपयांना, म्हणजे मिलीला २० रुपये. सनस्क्रीनच्या दुपटीहून महाग! पण पाण्यासारख्या पातळ सीरमचे साधारण २० थेंब म्हणजे १ मिली. मला रोज चार थेंब लागतात. म्हणजे बाटलीत १५० वेळा, आणि एका वेळेचे फक्त चार रुपये. दुकानात आपण दर मिलीचा भाव बघतो, पण मात्रा वेगळी असेल तर तो भाव काहीच सांगत नाही. घट्ट सीरमचा थेंब मोठा असतो, तिथे २०चं माप चालत नाही, हे तेवढं लक्षात ठेवावं.

यात अजून एक अडचण आहे. व्हिटॅमिन सी हवेमुळे बिघडतं आणि सीरम पिवळट-तपकिरी होऊ लागतं. माझी बाटली तीन महिन्यांत तपकिरी झाली आणि उरलेलं टाकावं लागलं. तोवर ९० वेळाच वापर झाला होता, म्हणजे एका वेळेचे चार नाही, पावणेसात रुपये पडले. तेच सीरम १५ मिलीच्या बाटलीत ३६० रुपयांना मिळतं. ती ७५ वेळा पुरते, अडीच महिन्यांत संपते आणि एका वेळेला पाच रुपयांहूनही कमी पडतं. सनस्क्रीनमध्ये मोठा पॅक स्वस्त ठरला, इथे छोटा.

अनेक पॅकवर उघड्या डबीचं चित्र असतं, त्यात एक आकडा आणि 'एम' हे इंग्रजी अक्षर. उघडल्यावर किती महिन्यांत संपवायचं, ते त्यात लिहिलेलं असतं. बाटली तेवढ्या काळात संपणार नसेल, तर मोठा पॅक घेऊन फायदा नाही.

आता मी प्रत्येक बाटलीच्या तळाशी मार्करने उघडल्याची तारीख लिहिते. संपली किंवा टाकली की किमतीला वापरलेल्या दिवसांनी भागते. सांडलेलं, वाळलेलं, तळाशी राहिलेलं, सगळं त्या एका आकड्यात आपोआप येतं. पुढची खरेदी मी त्या आकड्यावर करते, सवलतीच्या पाटीवर नाही.