शून्य काढून टाका

५ मे २०२५ रोजी स्काइप बंद झालं. न्यू जर्सीत राहणाऱ्या सोलापूरच्या एका इंजिनिअरला ही बातमी त्याच्या खात्यातल्या उरलेल्या डॉलरांमुळे लागली. पैसे फार नव्हते. पण याच खात्यातून तो गेली कित्येक वर्षं भवानी पेठेतल्या घरचा साधा फोन वाजवत आला होता, आणि आता तो फोन वाजवायचा कसा हे त्याला चटकन सुचेना.

बाकीच्यांना हा प्रश्न पडत नाही. ते व्हॉट्सअॅपवर बोलतात. याच्या आईकडे मात्र तारेचा फोन आहे, आणि तो स्मार्टफोन झाल्याशिवाय व्हॉट्सअॅपला ऐकू येत नाही. फुकट अॅपचा हिशेब लोक अर्धाच सांगतात, ही त्याची जुनी तक्रार आहे. अॅप दोन्ही टोकांना लागतं, इंटरनेट दोन्ही टोकांना लागतं, आणि पलीकडच्या टोकाला चष्मा शोधणारी एक म्हातारी बाईही असते. भाच्याने एकदा आईच्या हाती स्मार्टफोन दिला, तर अख्ख्या संभाषणात याला फक्त छताचा पंखा दिसला. स्काइपचं वेगळं होतं. इंटरनेटवरून निघालेला आवाज ते साध्या फोनवर उतरवत असे; पैसे घेत असे, पण आईला काही शिकावं लागत नसे.

तो पहिल्यांदा अमेरिकेत गेला तेव्हा घरी फोनच नव्हता. बायोडेटावर नंबर होता, पुढे कंसात पी. पी. म्हणजे शेजारच्यांचा. तो फोन लावे, शेजारचा पोरगा रिसीव्हर बाजूला ठेवून आईला बोलवायला पळे, आणि तेवढा वेळ याच्या कानात फक्त यंत्रमागाचा खडखडाट यायचा. आई जिना उतरून येईपर्यंत मिनिटं जात. आई आली की पहिलं वाक्य ठरलेलं: ‘बिल येईल, ठेव आता.’ त्या खडखडाटाचे त्याने किती डॉलर मोजले असतील, हे तो आजही मनात धरून आहे.

ते डॉलर कार्डाचे असत. किराणा दुकानातून कॉलिंग कार्ड आणायचं, नाण्याने घासून आकडे उघडायचे, आधी कंपनीच्या नंबरला फोन, मग पिन, मग 011 91 217 आणि पुढे शेजाऱ्यांचा नंबर. 011 हे अमेरिकेतून बाहेर पडायचं दार. 91 भारत. आणि सोलापूरचा कोड आपल्याला 0217 असा पाठ असतो, त्यातलं शून्य इथे काढून टाकायचं, कारण ते शून्य देशातल्या देशात दूरचा फोन लावण्यासाठी आहे. ते ठेवलं की नंबर चुकीचा असल्याचं रेकॉर्ड केलेला आवाज सांगे. इंग्लंडमध्ये हेच दार १६ एप्रिल १९९५पर्यंत 010 होतं, त्या दिवसापासून 00 झालं. दुबईतही 00 आहे. मोबाइलवर शून्याची कळ दाबून धरली की अधिकाचं चिन्ह उमटतं, ते याचसाठी: तुम्ही ज्या देशात असाल त्या देशाचं दार नेटवर्क स्वतः लावतं. म्हणून +91217 ने सुरू होणारा नंबर कुठूनही लागतो.

कार्डावर मिनिटं मोठ्या अक्षरांत छापलेली असत. बारीक अक्षरांत असायचं की फोन जोडला की एक आकार कापणार, आणि अर्धवट मिनिटही पूर्ण धरणार. काही कार्डांत तर तीन-तीन मिनिटांचे तुकडे. म्हणजे चार मिनिटं बोललात की सहाचे पैसे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने पुढे अशा काही कंपन्यांवर खटलेही भरले.

   

मध्ये कंपनीने त्याला काही महिने दुबईला पाठवलं. तिथे व्हॉट्सअॅपवर निरोप जातात, फोटो जातात, पण कॉल चालत नाही; दूरसंचार नियामकाने परवानगी दिलेल्या बोटिमसारख्या अॅपवरूनच बोलता येतं. इथे त्याने खिशातलं भारतीय सिम सुरू केलं आणि रोमिंगची गंमत कळली. आईने सोलापुरातून दहा आकडी नंबर फिरवला. तिच्या लेखी तो गावातलाच फोन. पण कॉल आधी भारतातल्या नेटवर्ककडे जातो, ते त्याला दुबईत शोधतं, आणि भारत ते दुबई हा टप्पा उचलणाऱ्याच्या बिलात पडतो. उचलला नाही, तर आणखी वाईट होऊ शकतं. ‘न उचलल्यास दुसऱ्या नंबरवर पाठवा’ ही सोय चालू असेल, तर कॉल दुबईपर्यंत येतो, वाजतो आणि तिथून परत भारतात वळतो. एक शब्द न बोलता दोन आंतरराष्ट्रीय टप्पे. बिलात एकाच वेळेला एक येणारा आणि एक जाणारा कॉल दिसला, तर हेच झालंय असं समजावं.

आता आईकडे बटणांचा मोबाइलही आहे, आणि ती अनोळखी नंबर उचलत नाही. ती बरोबर करते. एकदा याने कुठल्याशा स्वस्त सेवेवरून फोन लावला, तर तिच्या पडद्यावर अमेरिकेचा नाही, भलताच भारतीय मोबाइल नंबर आला. त्यामागे एक चोरवाट असू शकते. परदेशातून येणारा कॉल भारतात उतरवून घेण्याचे पैसे भारतीय कंपनीला द्यावे लागतात. २०१७मध्ये ते मिनिटाला ५३ पैसे होते, फेब्रुवारी २०१८पासून ३० झाले. ते चुकवायला कॉल इंटरनेटवरून आणायचा आणि इथे एखाद्या खोलीत ढीगभर सिम लावलेल्या यंत्रातून स्थानिक कॉल म्हणून सोडायचा. अशी बेकायदा एक्सचेंजं २०१७मध्ये एटीएसने आमच्या शेजारच्या लातुरात पकडली. मिनिटाला काही पैशांचा हा धंदा, आणि मधल्यामधे कॉल कुणाचा याचा मागच पुसला जातो.

ठगांनीही तीच युक्ती उचलली, परदेशातून भारतीय नंबर दाखवायची. ऑक्टोबर २०२४मध्ये दूरसंचार विभागाने असे कॉल सीमेवरच अडवणारी यंत्रणा सुरू केली. बाहेरून भारतीय नंबर घेऊन कॉल आला की तो नंबर खरोखर रोमिंगवर आहे का ते तपासायचं, नसेल तर कॉल तोडायचा.

स्काइपनंतर त्याने साध्या फोनवर कॉल उतरवणारी दुसरी सेवा घेतली. दर पाहण्याआधी त्याने एकच पाहिलं: आईच्या पडद्यावर त्याचा खरा नंबर दिसतो का. दोन-चार सेंटांसाठी याच्यावर पाणी सोडू नये. परदेशी निघणाऱ्यांनीही विमानतळावर नव्हे, घरीच दोन कामं उरकावीत. सगळे नंबर +91 लावून जतन करावेत. आणि कॉल वळवण्याची सोय बंद करावी. बऱ्याच कंपन्यांच्या सिमवर ##002# फिरवलं की ती जाते, तुमच्या सिमवर जात नसेल तर कंपनीला विचारून बंद करून घ्या.