हात मागे का पळतो?

ट्रक मागे घेताना क्लीनर ‘येऊ दे, येऊ दे’ ओरडतो तेव्हा त्याच्या हातात टेप नसते. उरलेली फट बघायची आणि ती मिटेपर्यंत ओरडत राहायचं, एवढंच त्याचं काम. व्हिज्युअल सर्व्होइंगही असंच चालतं. वस्तू खोलीत नेमकी कुठे आहे हे रोबोट शोधत बसत नाही. मनगटावरच्या कॅमेऱ्यात ती आत्ता कुठे दिसते आणि कुठे दिसायला हवी, या दोहोंतला फरक तो थेट गतीत उतरवतो.

मी वस्तूवर चौकोनी टॅग चिकटवतो. आधी हात हव्या त्या जागी नेऊन चारही कोपरे चित्रात कुठे पडतात ते नोंदवून ठेवायचं. हे झालं लक्ष्य. नंतर हात कुठूनही सोडला, की प्रत्येक फ्रेमला एकच सूत्र चालतं:

```
v = -λ L⁺ e
```

`e` म्हणजे चार कोपऱ्यांचा एरर. `L` हे मॅट्रिक्स सांगतं की कॅमेरा अमुक गतीने हलला तर कोपरे चित्रात कसे सरकतील. आपल्याला उलटं हवं असतं, म्हणून त्याचा छद्म-व्यस्त घ्यायचा. `λ` हा गेन. `L` मध्ये वस्तूपर्यंतचं अंतर लागतं, पण ते अंदाजे असलं तरी बहुधा निभावतं. हात जरा वाकडातिकडा जातो, तरी पोचतो लक्ष्यावरच. कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन थोडं चुकलेलं असलं तरी शेवटची जागा बिघडत नाही, कारण तुलना त्याच कॅमेऱ्याच्या दोन चित्रांत आहे. या पद्धतीवर माझा जीव आहे तो यासाठीच.

आता तिची खोड. टॅग कॅमेऱ्यासमोर बरोबर मधोमध, ४० सेंटीमीटरवर आहे. फक्त ९० अंशांनी फिरलेला आहे. माणूस मनगट फिरवेल आणि मोकळा होईल. रोबोट मनगट फिरवतो, पण सोबत मागेही सरकतो, अर्ध्या वाटेवर साधारण ५७ सेंटीमीटरपर्यंत जातो आणि मग परत पुढे येतो. पहिल्यांदा बघणारा केबल ओढली गेली का ते तपासतो. सूत्रात मात्र काहीच चुकलेलं नसतं. प्रत्येक कोपऱ्याने आपल्या जागी सरळ रेषेत जावं, एवढंच ते मागतं. चौकोनाचा कोपरा शेजारच्या कोपऱ्याकडे सरळ निघाला की वाटेत तो केंद्राच्या जवळ येतो. चारही कोपरे एकदम जवळ येणं म्हणजे चौकोन लहान दिसणं, आणि चौकोन लहान दिसायचा तर कॅमेऱ्याला मागे जायलाच हवं.

फिरवायचा कोन वाढला की हे हास्यास्पद होतं. १२० अंशांना कॅमेरा ८० सेंटीमीटरपर्यंत मागे जातो. १८० अंशांना प्रत्येक कोपऱ्याची सरळ वाट केंद्रातूनच जाते; सूत्र मनगटाला फिरायला सांगतच नाही, फक्त मागे जा म्हणतं. `λ` ०.५ असेल तर पहिल्याच क्षणी सेकंदाला ४० सेंटीमीटर वेगाने, आणि अंतर वाढेल तसा वेगही वाढतो. सांध्यांची मर्यादा आली की हात थांबतो. फ्रान्समधले फ्रान्स्वा शोमेत यांनी ही अडचण १९९८ साली मांडली.

फसवणारी गोष्ट म्हणजे एररचा आलेख. हात मागे पळत असतानाही तो सुरेख उतरत असतो. म्हणून नुसत्या एररवर विश्वास ठेवू नये. शेजारच्या खिडकीत कॅमेऱ्याच्या अक्षावरची गतीही बघावी. टॅग समोर सरळ, योग्य अंतरावर असताना ती उणे दिसली, की हाच प्रकार.

कॉर्क आणि हचिन्सन यांनी २००१ साली सुचवलेला उपाय मला पटतो. मागे-पुढे जाणं आणि अक्षाभोवती फिरणं, या दोन गती कोपऱ्यांच्या हिशेबातून काढून घ्यायच्या. फिरणं ठरवायचं दोन कोपरे जोडणाऱ्या रेषेच्या कोनावरून, आणि पुढे-मागे जाणं चौकोनाच्या क्षेत्रफळाच्या वर्गमुळावरून. टॅग फिरला तरी क्षेत्रफळ तेवढंच राहतं, त्यामुळे मागे जायचं कारणच उरत नाही. उरलेल्या चार गती कोपऱ्यांकडेच राहतात.

अर्थात फुकट काही नाही. आता कोपरे वर्तुळात फिरतात, त्यामुळे टॅग चित्राच्या कडेला असेल तर एखादा कोपरा बाहेर जातो आणि टॅगच हरवतो. १८० अंशांच्या आसपास कोन कधी धन, कधी ऋण वाचला जातो आणि मनगट जागीच थरथरतं. मी सुरुवातीलाच फिरायची दिशा ठरवून टाकतो, तीही मनगटात जिकडे जास्त फेरा शिल्लक असेल तिकडची.

हे सगळं प्रत्येक कामाला लागत नाही. वस्तू ३० अंशांपेक्षा जास्त फिरलेली येणार नसेल, तर कॅमेरा ४० सेंटीमीटरवरून जेमतेम दीड सेंटीमीटर मागे जातो. तिथे साधं सूत्रच ठेवा.