एकच काम, दोन कोटेशनं

आज दोन कोटेशनं पाठवली. काम जवळपास एकच: पाच पानांची वेबसाइट, साधारण चाळीस तास. नाशिकच्या दुकानदाराला साठ हजार रुपये, ऑस्टिनच्या बाईंना हजार डॉलर. पाठवताना मन जरा खात होतंच. एकाच कामाचे दोन भाव?

म्हणून हिशेब मांडून बघितला. डॉलर पंच्याऐंशीचा धरला तर पंच्याऐंशी हजार. पेमेंट कंपनीची फी आणि बाजारापेक्षा कमी दिलेला दर मिळून पाच टक्के गेले, तर उरतात ८०,७५०. या निर्यातीवर एलयूटी भरलेलं असल्यानं जीएसटी लावायचा नाही. नाशिकच्या बिलावर १८ टक्के चढतो, पण तो सरकारचा. टीडीएस कापला तर रिटर्नमध्ये वळता होतो. म्हणजे माझे साठ हजारच.

फरक वीस हजारांचा. त्यातले काही रात्री दहाच्या कॉलचे, काही पैसे अडकले तर वसुलीला तिकडे जाता येत नाही त्या जोखमीचे. उरलेला फरक सरळ तिथल्या बाजारभावाचा आहे, आणि त्यात मला गैर वाटत नाही. बाईंना तिथं याहून महागच पडलं असतं.

खालची रेघ मात्र दोघांना एकच: तासाला दीड हजार. त्याखाली कुणासाठीच उतरायचं नाही. आणि डॉलरच्या कोटेशनवर मुदत तीस दिवसांची. दर खाली आला तर नवा आकडा.