वृद्धितिथी आणि संवत्सरी : एका श्रावकाचे पत्र

आदरणीय पंडितजी यांस,


पळस्पे फाट्यावर आमचे धान्याचे दुकान आहे. संवत्सरीला ते बंद राहते. परंतु ज्या वर्षी पंचांगात भाद्रपद शुद्ध पंचमी दोनदा येते, त्या वर्षी ते कोणत्या दिवशी बंद ठेवावे, असा प्रश्न घरात उभा राहतो. माझ्या मातोश्री एकतिथी परंपरेच्या आहेत, तर धाकटे बंधू बेतिथी परंपरेच्या गुरुमहाराजांचे अनुयायी आहेत. दोघांची श्रद्धा सारखीच दृढ आहे. म्हणून कोणाचीही बाजू न घेता वस्तुस्थिती आपणांपुढे मांडतो.

चंद्र सूर्याच्या पुढे बारा अंश गेला की एक तिथी पूर्ण होते. चंद्राची गती सारखी नसल्यामुळे तिथी सुमारे वीस तासांपासून सत्तावीस तासांपर्यंत लहानमोठी होते. सूर्योदयी जी तिथी असेल ती त्या दिवसाची, असा उभयपक्षी मान्य नियम आहे. लांबलेल्या तिथीत दोन सूर्योदय सापडले की तिची वृद्धी होते. इथपर्यंत मतभेद नाही.

मतभेदाचे स्वरूप विक्रम संवत 1992 च्या, म्हणजे 1936 च्या पर्युषणात स्पष्ट झाले. त्या वर्षी पंचांगात शनिवारी चतुर्थी आणि रविवार-सोमवारी पंचमी होती. पूज्य रामचंद्रसूरीश्वरजींच्या पक्षाने उदयातील चतुर्थी प्रमाण मानून शनिवारी संवत्सरी केली. पहिली पंचमी त्यांच्या मते आराधनेच्या दृष्टीने रिकामी आणि सोमवारची पंचमी आराध्य. पूज्य सागरानंदसूरीश्वरजींच्या पक्षाचे म्हणणे असे की, पर्वतिथीची वृद्धी होऊ शकत नाही. चतुर्थीही संवत्सरीमुळे पर्वच, म्हणून वृद्धी मागे सारून तृतीयेची समजावी. तसे केले की शनिवार दुसरी तृतीया, रविवार चतुर्थी आणि सोमवार पंचमी ठरतो. त्यानुसार संवत्सरी रविवारी झाली. पंचमी दोघांचीही सोमवारीच. अंतर पडले ते केवळ संवत्सरीत.

दोन्ही पक्ष उमास्वाती वाचकांच्या नावाने चालत आलेल्या एकाच नियमाचा आधार घेतात : क्षय असता पूर्वतिथी, वृद्धी असता उत्तरतिथी. एक पक्ष त्याचा अर्थ असा लावतो की, आराधना त्या दिवशी करावी, तिथीचे नाव मात्र बदलू नये. दुसरा म्हणतो की, त्या दिवसालाच पर्वतिथीची संज्ञा द्यावी आणि आधीच्या तिथ्या त्याप्रमाणे लावून घ्याव्यात. नियम एकच असून वाद त्याच्या क्रियापदाचा आहे.

पुढे शेठ कस्तुरभाई लालभाई यांच्या पुढाकाराने हा वाद पुण्याचे संस्कृत-प्राकृत पंडित डॉ. प. ल. वैद्य यांच्याकडे लवाद म्हणून सोपवण्यात आला. त्यांचा निर्णय रामचंद्रसूरीश्वरजींच्या पक्षाला अनुकूल लागला, परंतु दुसऱ्या पक्षाने तो स्वीकारला नाही. एक बाजू शास्त्रवचनाला निर्णायक मानते, तर दुसरी पूर्वाचार्यांपासून चालत आलेल्या आचरणेलाही तितकेच प्रमाण मानते. प्रमाण कोणते, यावरच एकमत नसेल तर केवळ वचनांच्या अर्थावरून दिलेला निर्णय उभयतांना बांधील कसा व्हावा?

आणखी एक गोष्ट विचारार्थ ठेवतो. आपल्या परंपरेप्रमाणे कालकाचार्यांनी प्रतिष्ठानात, म्हणजे आपल्याच पैठणात, सातवाहन राजाच्या विनंतीवरून संवत्सरी पंचमीवरून चतुर्थीला आणली. पंचमीला तेथे इंद्रमहोत्सव होता. राजाने षष्ठीही सुचवली होती. ती आचार्यांनी नाकारली, कारण पर्व अलीकडे आणता येते, ओलांडता येत नाही. वर्षापलीकडे टिकलेला कषाय अनंतानुबंधी होतो, अशी ती भीती आहे. म्हणून एक पक्ष म्हणतो, उदयातील चतुर्थी सोडणे हे ओलांडणेच. दुसरा उत्तर देतो, आमची चतुर्थी त्या दिवशीच आहे, मग ओलांडले काय?

माझ्या पृच्छा तीन आहेत. पहिली, त्या नियमातील क्रियापदाचा अर्थ प्राचीन टीकाग्रंथांत संज्ञा देणे असा कोठे स्पष्ट केला आहे काय? दुसरी, आपल्या गुरूंच्या आज्ञेने सद्भावपूर्वक एक दिवस नंतर संवत्सरी करणाऱ्या श्रावकाला पर्व ओलांडल्याचा दोष लागतो काय? तिसरी आमच्या घरापुरती आहे. बंधू शनिवारी सांवत्सरिक प्रतिक्रमण करून मातोश्रींना मिच्छामि दुक्कडं म्हणतात. त्यांचे प्रतिक्रमण रविवारी. तेव्हा शनिवारीच त्यांनी दिलेली क्षमा पूर्ण मानावी की रविवारी परस्परांनी ती पुन्हा मागावी?

पहिल्या दोन पृच्छांचे उत्तर कोणत्याही एका पक्षाला अनुकूल आले, तरी ते आधारासह, जसेच्या तसे घरात वाचून दाखवीन. तिसऱ्या पृच्छेचे उत्तर मात्र पुढील वृद्धितिथीच्या आधी मिळावे, ही विनंती. त्या वर्षी दुकान दोन्ही दिवस बंद ठेवण्याचे आम्ही ठरवले आहे. परंतु क्षमा कोणत्या दिवशी पूर्ण झाली, हे दुकानाच्या फळ्या लावून ठरत नाही.

आपला विनीत,
एक श्रावक, पळस्पे